फोटोतल्या आलेखावरून k काढला, तरी उत्तर थोडक्यात का हुकते?

घनता फलाचा तुकड्यातुकड्यांचा आलेख द्यायचा, त्यावरून k विचारायचा, मग मध्य आणि शेवटी एखादी संभाव्यता, अशा स्वरूपाचा प्रश्न पदवीच्या संख्याशास्त्रात दरवर्षी असतो आणि दरवर्षी तो त्याच दोन-तीन जागी अडतो. जुळे सोलापुरात मी संध्याकाळी शिकवणी घेतो. परीक्षा जवळ आली की वर्गात न आलेली मुले मैत्रिणीकडून किंवा मित्राकडून आलेखाचा फोटो मागवून घेतात, त्यावर गणित सोडवतात आणि रात्री मला वहीच्या पानाचा दुसरा फोटो पाठवतात. त्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच असते: पद्धत बरोबर आहे, इंटिग्रेशन दोनदा तपासले आहे, तरी उत्तर जुळत नाही आणि फरकही असा थोडासा, की चूक नेमकी कुठे झाली हे कळत नाही.

यंदाचे एक उदाहरण पूर्ण सांगतो, कारण त्यातला आलेख मीच आलेख कागदावर काढून वर्गात वाटला होता आणि मूळ कागद हाताशी असल्यामुळे फोटोने काय काय बिघडवले हे ताडून पाहता आले. प्रश्न असा होता: यंत्रमागावर ताण्याचा तुटलेला धागा जोडल्यापासून तो पुन्हा तुटेपर्यंतचा वेळ X तासांत मोजला आहे आणि त्याचे घनता फल आलेखात दाखवले आहे, k काढा, X चा मध्य काढा आणि P(1 < X < 6) काढा. (हे आकडे गणितासाठी बेतलेले आहेत. घरी माग असलेल्या एका मुलाने वर्गातच सांगितले, की धागा इतका वेळ टिकला असता तर त्याच्या वडिलांनी माग विकायचा विचार कधी केलाच नसता.)

मूळ आलेखात रेषा शून्यापासून सरळ चढत x = 2 पाशी वरच्या पातळीला पोचते, x = 4 पर्यंत आडवी जाते आणि तिथून सरळ उतरत x = 8 पाशी अक्षाला मिळते. वरच्या पातळीसमोर, उभ्या अक्षाच्या डावीकडे, k लिहिलेला होता आणि त्या k पासून आडव्या भागापर्यंत पेन्सिलीने तुटक रेषा काढली होती. उभ्या अक्षावर दुसरा एकही आकडा नव्हता. आडव्या अक्षावर १ सेंटिमीटरला १ तास असे प्रमाण होते आणि आडवा भाग अक्षापासून ४ सेंटिमीटर उंचीवर होता.

एका विद्यार्थिनीचा निरोप आला: "सर, k एक षष्ठांश येतंय, मध्य ३.२२ आणि संभाव्यता ०.८३. मागं उत्तर ०.८५ दिलंय. छापताना चूक झाली असंल का?" तिच्या वहीत फल असे मांडले होते:

```
f(x) = kx            0 ≤ x < 2
     = k             2 ≤ x < 4
     = k(8 − x)/4    4 ≤ x ≤ 8
```

यापुढची तिची एकही पायरी चुकलेली नव्हती. तिन्ही तुकड्यांचे क्षेत्रफळ २k, २k आणि २k, एकूण ६k, म्हणून k = १/६. मध्य ५८k/३, म्हणजे ३.२२. संभाव्यता ५k, म्हणजे ०.८३३. चूक होती ती फक्त पहिल्या ओळीत, आणि ती तिच्यापेक्षा फोटोची जास्त होती. फोटो बाकावर कागद ठेवून तिरक्या कोनातून घेतलेला होता, ट्यूबलाइटचा उजेड कागदावर पडून पेन्सिलीची तुटक रेषा पूर्ण पुसली गेली होती, आणि डाव्या कडेच्या वळलेल्या कागदामुळे k हे अक्षर चढत्या रेषेच्या मधोमध आल्यासारखे दिसत होते. चढत्या रेषेशेजारी k दिसला की विद्यार्थ्याच्या मनात kx हेच येते, कारण पाठ्यपुस्तकातली निम्मी गणिते त्याच रूपात असतात.

इथे k म्हणजे उंची आहे की रेषेचा चढ आहे, हा पहिला प्रश्न आहे आणि तो सुटल्याखेरीज इंटिग्रेशनला हात लावू नये. तो सोडवायला फोटो पुन्हा मागवायची गरज नाही. जिथे दोन तुकडे मिळतात तिथे दोन्ही सूत्रांत तीच x ची किंमत घालून पाहावी. वरच्या मांडणीत x = 2 घातले तर डावीकडून २k येते आणि उजवीकडून k. म्हणजे या सूत्रांचा आलेख काढला तर x = 2 पाशी रेषा दुप्पट उंचीवरून एकदम खाली पडेल; फोटोत मात्र तशी उडी कुठेही नाही, रेषा सलग आहे. सूत्र आणि चित्र एकमेकांशी भांडत असतील तर सूत्र बदलायचे. x = 4 पाशी दोन्हीकडून k येते, म्हणून तिसरी ओळ बरोबर आहे. पहिली ओळ दुरुस्त केल्यावर मांडणी अशी होते:

```
f(x) = kx/2          0 ≤ x < 2
     = k             2 ≤ x < 4
     = k(8 − x)/4    4 ≤ x ≤ 8
```

आता क्षेत्रफळे k, २k आणि २k, एकूण ५k, म्हणून k = १/५. प्रश्नातच "पहिल्या भागात f(x) = kx" असे शब्दांत लिहिले असते, तर k हा चढ ठरला असता, वरची पातळी २k झाली असती आणि k = १/१० आला असता. दोन्ही वाचनांत आलेख एकच राहतो, म्हणून मध्य आणि संभाव्यताही तीच येते. बदलते ते फक्त k चे मूल्य. दोन मित्रांची k ची उत्तरे वेगळी आणि बाकीची दोन्ही उत्तरे सारखी आली असतील, तर कोणीही चुकलेले नाही, दोघांनी k ला वेगवेगळा अर्थ दिला आहे एवढेच.

विद्यार्थिनीला सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकणारी गोष्ट ही होती, की तिने एकूण क्षेत्रफळ पुन्हा मोजून पाहिले होते आणि ते १ आले होते. ते येणारच. k काढतानाच आपण एकूण क्षेत्रफळ १ घेतलेले असते. त्यामुळे सूत्र चुकीचे असले तरी ही बेरीज १ च राहते आणि तिच्यातून फक्त आकडेमोडीची चूक सापडते, वाचनाची सापडत नाही. मध्य ० आणि ८ च्या मध्ये आला, संभाव्यता १ पेक्षा कमी आली, याही तपासण्या इथे पार पडल्या होत्या. ०.८३ आणि ०.८५ यांत इतका थोडा फरक का, याचेही कारण आहे: १ ते ६ या अंतरात जवळजवळ सगळेच क्षेत्रफळ येते, म्हणून आकार बराच बिघडला तरी ही संभाव्यता फारशी हलत नाही. P(X < 2) विचारली असती तर तिचे उत्तर १/३ आले असते आणि खरे १/५ आहे. तिथे चूक लपली नसती.

म्हणून अशा आलेखासाठी मी मुलांना k च्या आधी चौकटी मोजायला सांगतो. तपासणी चित्रावरून व्हायला हवी, सूत्रावरून नव्हे, आणि आलेख कागदावरचे चौरस त्यासाठी फार सोयीचे असतात. आपल्या आलेखात पहिला त्रिकोण २ सेंटिमीटर पायाचा आणि ४ सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे ४ चौरस. मधला आयत २ गुणिले ४, म्हणजे ८ चौरस. शेवटचा त्रिकोण ४ पायाचा आणि ४ उंचीचा, पुन्हा ८ चौरस. एकूण २० चौरस मिळून संभाव्यता १ होते, म्हणून प्रत्येक चौरसाची किंमत ०.०५. आता १ ते ६ मधले चौरस मोजण्यापेक्षा बाहेर राहिलेले मोजणे सोपे आहे. डावीकडे ० ते १ मध्ये १ पाया आणि २ उंचीचा त्रिकोण, म्हणजे १ चौरस. उजवीकडे ६ ते ८ मध्ये २ पाया आणि २ उंचीचा त्रिकोण, म्हणजे २ चौरस. बाहेर ३, आत १७, आणि १७ गुणिले ०.०५ म्हणजे ०.८५. यात k कुठेच आला नाही. k हवाच असेल तर तोही इथूनच मिळतो: आडव्या दिशेला १ सेंटिमीटर म्हणजे १ तास, चौरसाची किंमत ०.०५, तेव्हा उभ्या दिशेला १ सेंटिमीटर म्हणजे ०.०५, आणि ४ सेंटिमीटर उंचीचा k म्हणजे ०.२.

परीक्षेत उत्तर लिहिताना इंटिग्रेशन दाखवावे लागते हे खरे. पण कच्च्या कामात आधी चौरस मोजलेले असले, की पक्क्या कामात ०.८३ आले तर लगेच थांबता येते.

चौरस मोजा म्हणताना एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. फोनच्या पडद्यावर पट्टी ठेवून मिलिमीटर मोजायचे नाहीत. तिरक्या फोटोत लांबच्या बाजूचे चौरस लहान दिसतात, म्हणून पट्टीने मोजलेला ४ ते ८ हा भाग ० ते ४ पेक्षा आखूड भरतो, आणि काही मुले त्यावरून शेवटचे टोक ७.५ आहे असे ठरवून मोकळी होतात. कागदावर छापलेल्या रेघाही फोटोत तितक्याच तिरक्या झालेल्या असतात, त्यामुळे किती रेघा ओलांडल्या हे मोजले तर कोनाचा काही परिणाम होत नाही. आडवा भाग खरोखर आडवा आहे का, हेही असेच पाहायचे: तो पडद्यावर कललेला दिसला तरी चालेल, तो छापील रेघेवरून तसूभर न सरकता जातो का एवढेच बघायचे. तो चढता आहे असे समजून कोणी तिथे समलंब चौकोन मांडला, तर सगळे गणित उगीच अवघड होते.

रेषा सरळ आहे की वक्र, हा संशयही वळलेल्या कागदामुळे येतो. यासाठी तुकड्याचा मधला बिंदू पुरेसा आहे. पहिला भाग सरळ असेल तर x = 1 पाशी उंची बरोबर निम्मी, म्हणजे २ चौरस असेल. ती १ चौरस असती तर तो भाग x² च्या प्रमाणात वाढणारा असता; मग त्याचे क्षेत्रफळ ४ नव्हे तर ८/३ चौरस झाले असते आणि त्रिकोणाचे सूत्र तिथे लावता आले नसते. ज्या आलेखात भाग खरोखर वक्र असतो तिथे सूत्र प्रश्नात दिलेले असते. चित्रावरून वक्राचे सूत्र ओळखायला कोणी सांगत नाही, आणि सांगितले तर एका बिंदूवर विसंबून ते ओळखूही नये.

याच आलेखाच्या दुसऱ्या फोटोत उजव्या कोपऱ्यावर फोटो काढणाऱ्याचा अंगठा आला होता आणि ७ नंतरचे काहीच दिसत नव्हते. तो फोटो मिळालेल्या विद्यार्थ्याने रेषा ७ लाच संपते असे धरले. त्याचे एकूण क्षेत्रफळ ४.५k, k = २/९, मध्य ३.३० आणि संभाव्यता ०.९१ अशी उत्तरे आली. पद्धत म्हणून त्याचेही सगळे बरोबर. पण अंगठ्याच्या अलीकडे रेषा किती वेगाने उतरते आहे हे त्याला दिसत होते: x = 4 ला ४ चौरस, ५ ला ३, ६ ला २. तासाला एक चौरस या हिशेबाने ती ७ ला अजून १ चौरस वर असते आणि ८ लाच अक्षाला मिळते. ७ ला मिळायची असती तर ६ पाशी ती ४/३ चौरसांवर, म्हणजे कुठल्याच रेघेवर नाही अशा ठिकाणी, दिसली असती. सरळ रेषेचा दिसणारा तुकडा अर्धाअधिक असला, तर न दिसणारे टोक अशा रीतीने खात्रीने काढता येते. मात्र झाकलेल्या भागात रेषेने वळण घेतले असण्याची शक्यता असेल, किंवा तिथे भरीव आणि पोकळ ठिपक्यांनी उडी दाखवली असेल, तर अंदाज करत बसू नये. फोटो पुन्हा मागवावा.

ठिपक्यांचा उल्लेख आलाच आहे तर तेवढेच सांगून पुढे जातो. उडीच्या जागी भरीव ठिपका कोणत्या बाजूला आहे हे फोटोत दिसले नाही तरी घाबरायचे कारण नाही, कारण एका बिंदूवर क्षेत्रफळ शून्य असते आणि त्यावरून k, मध्य किंवा संभाव्यता यांतले काहीही बदलत नाही. P(1 < X < 6) आणि P(1 ≤ X ≤ 6) एकच.

मध्याकडे वळतो, कारण k बरोबर आल्यावरही इथे दोन ठरावीक चुकीची उत्तरे येतात. एक उत्तर ३.३३: यात विद्यार्थ्याने तिन्ही तुकड्यांचे मधले बिंदू १, ३ आणि ६ घेऊन त्यांची सरासरी काढलेली असते आणि कोणत्या तुकड्यात किती क्षेत्रफळ आहे हे विसरलेले असते. दुसरे उत्तर ३.८: यात क्षेत्रफळे लक्षात घेतलेली असतात, ०.२ गुणिले १, ०.४ गुणिले ३ आणि ०.४ गुणिले ६, पण त्रिकोणाचा तोल त्याच्या पायाच्या मध्यावर धरलेला असतो. त्रिकोणाचा तोल उंच बाजूकडे झुकतो. काटकोन त्रिकोणात तो उंच बाजूपासून पायाच्या एक तृतीयांश अंतरावर असतो. दहावीला शिकलेला मध्यगासंपात बिंदू तो हाच. पहिल्या त्रिकोणाची उंच बाजू x = 2 ला आहे, म्हणून तोल २ − २/३ = ४/३ पाशी. शेवटच्याची उंच बाजू x = 4 ला आहे, म्हणून तोल ४ + ४/३ = १६/३ पाशी. आयताचा ३ पाशी. यांना आपापल्या क्षेत्रफळाने गुणून बेरीज केली की

```
(1/5)(4/3) + (2/5)(3) + (2/5)(16/3)
   = 4/15 + 18/15 + 32/15
   = 54/15 = 3.6
```

इंटिग्रेशनने हेच तीन आकडे तीन तुकड्यांतून स्वतंत्रपणे येतात, त्यामुळे एकूण उत्तर न जुळल्यास कोणता तुकडा बिघडला हे लगेच दिसते. बहुतेक वेळा तो तिसरा असतो:

```
∫ x(8 − x)/20 dx,  x = 4 ते 8
   = (1/20)[4x² − x³/3]
   = (1/20)(256/3 − 128/3)
   = 32/15
```

इथे घसरण्याची नेहमीची जागा म्हणजे (8 − x) च्या ऐवजी (4 − x) लिहिणे. उतरती रेषा ४ पासून सुरू होते म्हणून हात आपोआप ४ लिहितो. पण कंसात ती संख्या हवी जिथे रेषा शून्य होते. (4 − x) ४ च्या पुढे ऋण होते, घनता ऋण असू शकत नाही, आणि तुकड्याचे उत्तर ऋण आल्यावर ही चूक निदान लपून राहत नाही.

मध्यासाठी चित्रावरूनच होणारी एक तपासणी मला फार आवडते. २० चौरसांपैकी १० चौरस डावीकडे कुठे पूर्ण होतात ते पाहायचे: पहिल्या त्रिकोणाचे ४, मग आडव्या भागात तासाला ४ या दराने आणखी ६, म्हणजे दीड तास पुढे, ३.५ पाशी. हा झाला मध्यक. आपल्या आकारात उजवी उतरण डाव्या चढणीपेक्षा दुप्पट लांब आहे आणि ती तोल उजवीकडे ओढते, म्हणून मध्य ३.५ च्या जरासा पुढे असावा अशी अपेक्षा. ३.६ त्यात बसते. ३.२२, ३.३० आणि ३.३३ ही तिन्ही उत्तरे मध्यकाच्या मागे पडतात आणि तिथेच पकडली जातात. ३.८ मात्र या चाळणीतून निसटते, कारण ते योग्य बाजूलाच आहे. त्याला पकडायला त्रिकोणाचा तोल नीट ठेवण्यावाचून दुसरा उपाय नाही. मध्यकाच्या कोणत्या बाजूला मध्य येतो याचा हा अंदाज एकच शिखर किंवा एकच पठार असलेल्या, एका बाजूला स्पष्टपणे लांबलेल्या आकारापुरता धरावा. दोन शिखरांच्या आलेखावर तो वापरू नये.

आडव्या अक्षाखाली बारीक अक्षरांत "× १०" किंवा "मिनिटे" असे काही आहे का, हे फोटो मोठा करून पाहावे. आपल्या आलेखात प्रत्येक एकक १० मिनिटांचे असते आणि X मिनिटांत विचारला असता, तर पाया दहापट झाल्याने k १/५ वरून १/५० वर आला असता, मध्य ३६ मिनिटे झाला असता आणि १० ते ६० मिनिटांमधली संभाव्यता ०.८५ च राहिली असती. संभाव्यता जुळते पण मध्य दहापट चुकतो अशी तक्रार आली, की मी सर्वांत आधी याच कोपऱ्याचा फोटो मागतो.

त्या विद्यार्थिनीने पहिली ओळ दुरुस्त करून अर्ध्या तासात पूर्ण गणित पाठवले. k = १/५, मध्य ३.६, संभाव्यता ०.८५, तिन्ही बरोबर होते. खाली तिने आवर्जून लिहिले होते, "म्हणजे धागा सरासरी ३ तास ६ मिनिटांनी तुटतो." ०.६ तासाची मिनिटे करायला ६० ने गुणावे लागते, म्हणून ते ३ तास ३६ मिनिटे होतात, एवढे मी तिला उलट कळवले.